मसूरचं तिकीट, महारकीचं वतन आणि कोतवालाचा फोन

उंब्रजहून मसूरकडे निघालं की रस्ता कृष्णा ओलांडतो आणि काही किलोमीटरवर रेल्वेचं एक लहानसं स्टेशन लागतं. आपल्यातल्या बहुतेकांना ते स्टेशन बाबासाहेबांच्या आठवणीतून माहीत आहे. 1901 सालची गोष्ट. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून निघाले, पाडळीला गाडीत बसले आणि संध्याकाळी मसूरला उतरले. पुढे काय झालं ते आपण भाषणांमधून शेकडो वेळा ऐकलं आहे. स्टेशनमास्तरनं विचारपूस केली, 'आम्ही महार' असं उत्तर आलं आणि मास्तरचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं मिळत असूनही तयार होईनात. शेवटी तोड निघाली ती अशी की भाडं दुप्पट द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची. गाडीवान शेजारून चालत राहिला.

हा प्रसंग आपण नेहमी अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि तो अपमान होताच. आज मला त्यातली दुसरी एक बाजू मांडायची आहे. तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. पाडळीच्या खिडकीवर त्या पोरांना तिकीट मिळालं. इतरांना ज्या दरात मिळत होतं त्याच दरात मिळालं. तिकीट देणाऱ्यानं जात विचारली नाही, कारण रेल्वेच्या दरपत्रकात जातीचा रकानाच नव्हता. अंतर, वर्ग, पैसे, संपलं. मसूरला उतरून फलाटाबाहेर पाऊल पडलं आणि दर दुप्पट झाला. तिथं छापील दरपत्रक नव्हतं, माणसं होती, आणि माणसांना जात कळत होती.

एक धागा आणखी आहे. पोरांनी येतो म्हणून आगाऊ पत्र पाठवलं होतं. ते रामजींच्या शिपायाच्या हाती पडलं आणि त्यानं ते पोचवलंच नाही. त्या रात्रीचे हाल झाले त्याचं तात्कालिक कारण हे. कागद बरोबर होता, पत्ता बरोबर होता, शेवटच्या हातानं घात केला. कागद आणि शेवटचा हात यांच्यातली ही फट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मसूरच्या त्या संध्याकाळीनंतर तीन-चार वर्षांनी जर्मनीत माक्स वेबर नावाचा समाजशास्त्रज्ञ एक निबंध लिहीत होता. भांडवलशाहीत आणि आधुनिक राज्यात सगळं काही मोजलं जातं, नियमात बसवलं जातं, हिशेबात आणलं जातं, असं त्याचं म्हणणं. त्याला आपण विवेकीकरण म्हणू. त्याचा शेवट कशात होतो, तर माणूस एका पोलादी कवचात अडकतो. 1930 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा त्या कवचाचा 'लोखंडी पिंजरा' झाला आणि तोच शब्द जगभर रूढ झाला. पुढे नोकरशाहीबद्दल त्यानं सविस्तर लिहिलं. खऱ्या कार्यालयात कामाची हद्द नियमानं ठरलेली असते. अधिकारी पगारावर असतो, कचेरी त्याच्या बापाची नसते, खुर्ची मुलाला जात नाही. काम लेखी चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोर कोण आहे हे न बघता निर्णय होतो.

आता मित्रहो, हे वाक्य एकदा आपल्या जागेवरून वाचा. 'समोर कोण आहे हे न बघता.' युरोपातल्या मध्यमवर्गीय माणसाला ही गोष्ट थंड आणि निर्जीव वाटली. ओळख गेली, आपुलकी गेली, माणूस आकडा झाला, असं त्याला वाटलं. ज्याला ओळखीचा फायदा होता त्याला ओळख गेल्याचं दुःख होणारच. पण ज्याची ओळख हीच त्याची शिक्षा होती त्याला काय वाटावं? मसूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या चार पोरांना आपुलकीची नाही, दरपत्रकाची गरज होती.

म्हणून वेबरचा पिंजरा आपल्याकडे जसाच्या तसा आणून 'नोकरशाही वाईट' म्हणत सुटणाऱ्या पुरोगामी मित्रांशी माझं भांडण आहे. पिंजऱ्याच्या आधी काय होतं ते आधी बघा. आमच्यासाठी पिंजऱ्याच्या आधी वतन होतं.

महारकीचं वतन म्हणजे काय, हे नव्या पिढीला नीट सांगावं लागतं. पोरं 'वतनदार' हा शब्द ऐकून मिशीला पीळ देतात. महाराला गावकामाच्या मोबदल्यात थोडी इनाम जमीन असे. आमच्या भागात तिला हाडकी-हाडोळा म्हणतात. तिच्यावर पूर्ण सारा न घेता कमी रकमेची जुडी घेतली जाई. शिवाय सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून बलुतं. बदल्यात काम कोणतं? सरकारी टपाल आणि वसूल तालुक्याला पोचवायचा, अंमलदार आला की त्याची बडदास्त ठेवायची, शिवेच्या खुणा सांगायच्या, मेल्याची बातमी गावोगाव न्यायची, मेलेलं जनावर ओढायचं, रात्री गस्त घालायची. यातलं सरकारचं काम कुठं संपतं आणि पाटलाचं घरकाम कुठं सुरू होतं, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

वेबरच्या कसोट्या एकेक करून लावून बघा. कामाची हद्द नाही. वेळ ठरलेली नाही, रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं. पगार नाही, जमीन आणि धान्य आहे, आणि धान्य देणारा रयतच, म्हणजे ज्याच्या कृपेवर जगायचं तोच मालक. नेमणूक नाही, जन्म आहे. बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात बोट ठेवलं ते यातल्या सगळ्यात क्रूर गोष्टीवर: वतन एकाच्या नावावर असलं तरी राबायला सगळं घर बांधलेलं. बाप हजर नसेल तर मुलगा जायचा, तो नसेल तर घरातलं आणखी कोणी. कारकून आजारी पडला म्हणून त्याच्या बायकोला कोणी कचेरीत बसवत नाही. महाराच्या बाबतीत नेमकं तेच चालत होतं.

आणि हे पेशवाईतलं नव्हे, इंग्रजी अंमलातलं आहे. इंग्रजांनी 1874 मध्ये वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला आणि वतनाला बळकट कायद्याचं कातडं चढवलं. वरती जिल्हाधिकारी, मामलेदार, कारकून हे सगळे पगारी. फायली, शिक्के, नोंदवह्या. अगदी तळाला मात्र जुनी वेठ. हे राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. ते स्वस्त होतं. महाराच्या जागी पगारी नोकर ठेवायचे तर तिजोरीतून रोख मोजावी लागली असती. आधुनिक नोकरशाहीची वरची मजलं पगारावर उभी राहिली ती तळमजल्यावर फुकटात राबणारा माणूस होता म्हणून.

कुलकर्ण्याच्या वतनाचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. त्या बाबतीत सरकारनं सेवेतून मोकळं होण्याची वाट काढून दिली. वतनदारानं गावकाम सोडावं, जमीन राखावी, आणि त्याच्या जागी पगारी तलाठी यावा. म्हणजे लेखणी धरणाऱ्याचं विवेकीकरण आधी झालं. टपाल वाहणाऱ्याचं झालं नाही. विवेकीकरण आपोआप सगळीकडे पसरतं असं वेबर वाचताना वाटत राहतं. आपल्या गावात ते पायऱ्यापायऱ्यांनी उतरलं, आणि पायऱ्या जातीच्या होत्या.

1928 मध्ये बाबासाहेबांनी या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यातल्या मागण्या आज वाचताना त्यात घोषणा कमी आणि हिशेब जास्त दिसतो. ज्या महारांना सेवा नको असेल त्यांना तसा अर्ज करता यावा; त्यांनी पूर्ण सारा भरावा, जमीन त्यांच्याकडे राहावी आणि सेवेचं जोखड सुटावं. ज्यांना सेवा करायची असेल त्यांचं बलुतं रोख रकमेत बदलावं आणि ते साऱ्याबरोबर सरकारनं वसूल करावं, म्हणजे महाराला खळ्याखळ्यावर हात पसरावा लागणार नाही. आणि कामं कोणती ती नियमानं ठरवून द्यावीत.

यातल्या दुसऱ्या मागणीवर जरा थांबा. रक्कम तीच असली तरी ती खळ्यावर पाटलाच्या हातून घेणं आणि सरकारी खजिन्यातून सही करून घेणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खळ्यावर मिळतं ते दान दिसतं. वेळेवर हाक ऐकली नाही, मुलगा शाळेत घातला, नवं धोतर नेसलं, तर ते रोखता येतं. खजिन्यातून मिळतो तो पगार. तो रोखायचा तर लेखी कारण द्यावं लागतं, आणि लेखी कारणावर अपील करता येतं. बाबासाहेब कागदाची भिंत मागत होते. वेबर ज्याला पिंजरा म्हणत होता त्याच्या गजांची ते मागणी करत होते, आणि ती पूर्ण शुद्धीत करत होते.

विधेयक पुढे गेलं नाही. सरकारचा विरोध होता, खर्चाचा मुद्दा होता, आणि 1929 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. आपल्यातल्याही अनेकांना वतन सोडवत नव्हतं, हे कबूल करायला हवं. सुगीचं धान्य डोळ्यांना दिसतं, सेवेतून सुटका डोळ्यांना दिसत नाही. त्या लोकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण वतन सोडून जायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न खरा होता.

शेवटी वतन गेलं ते 1958 च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्यानं. अंमल 1 ऑगस्ट 1959 पासून. म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. सेवा संपली, जमीन सरकारजमा झाली आणि वतनदाराला ती पुन्हा मिळण्याची सोय ठेवली: पूर्ण साऱ्याच्या तिप्पट रक्कम कब्जाहक्काची किंमत म्हणून पाच वर्षांत भरायची. भरली तर जमीन नव्या शर्तीवर परत. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, वाटून घेता येत नाही. भरली नाही तर आपल्याच जमिनीवर आपण बेकायदा.

इथं पिंजरा पहिल्यांदा आपल्याला टोचायला लागतो. तिप्पट सारा ही रक्कम कागदावर फार मोठी नव्हती. पण ती भरायची आहे हे कळायला नोटीस वाचता यायला हवी, मुदत कळायला हवी, चलन कुठं भरायचं ते ठाऊक हवं. माझ्या चुलत आजोबांनी पैसे भरले होते. पावती त्यांनी पत्र्याच्या पेटीत आयुष्यभर जपली. शेजारच्या घरानं भरले नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं; जमीन ते पिढ्यानपिढ्या कसत होते, मग पैसे कसले? आज आमच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलेलं आहे. त्यांच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव शोधावं लागतं. दोन घरांत जातीचा फरक नाही, कष्टाचा नाही. फरक एका पावतीचा आहे.

त्याच वर्ग 2 च्या शर्तीमुळे महामार्गालगतच्या कितीतरी वतन जमिनी सावकाराच्या आणि दलालाच्या घशात जायच्या वाचल्या, हेही तितकंच खरं. परवानगीची अट बँकेच्या कर्जाच्या वेळी छळते आणि दलालाच्या वेळी ढाल होते. तो एकच नियम आहे. दलालाला तो पिंजरा वाटतो, आणि तो मोडावा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडतो तोही तोच.

वतन गेल्यावर गावकाम कुणी करायचं? ते पगारी कोतवालाकडे आलं. आता कोतवालाच्या बाबतीत वेबरच्या त्याच कसोट्या लावू. नेमणूक जन्मानं नाही, अर्जानं. ही लढाई आपण जिंकलो. काम लेखी कागदांचं. नोटिसा बजावणं, दवंडी, वसुलीला तलाठ्याची मदत, पंचनाम्याला हजर राहणं, तहसीलला कागद नेणं. पण मोबदल्याचं नाव पगार नाही, मानधन. 2023 मध्ये ते साडेसात हजारांवरून 15 हजार झालं, तेही वर्षानुवर्षं आंदोलनं केल्यावर. चतुर्थ श्रेणीचा दर्जा द्या ही मागणी जुनीच आहे आणि ती अजून मागणीच आहे. अलीकडे पदाचं नाव बदलून 'महसूल सेवक' केलं. नाव सुधारलं, श्रेणी आली नाही.

आमच्या भागातले एक कोतवालदादा मला म्हणाले, "नोकरी म्हणावी तर पगार न्हाय, वतन म्हणावं तर जमीन न्हाय. मग मी हाय तरी कोण?" मी त्यांना विचारलं, दादा, तुमची कामाची वेळ किती? ते हसले आणि खिशातला मोबाईल दाखवला. रात्री वाळूची गाडी पकडली की फोन. पहाटे पूर आला की फोन. साहेबांच्या घरी गॅसची टाकी पोचवायची असली तरी फोन. पूर्वी चावडीवरून हाक यायची, ती वाड्यापर्यंतच ऐकू जायची. आता माणूस कराडला दवाखान्यात असला तरी हाक पोचते.

वेबरनं सांगितलेला पिंजरा आत अडकलेल्यांचा आहे. हजेरी, श्रेणी, गोपनीय अहवाल, बदली, निवृत्तिवेतन, यांच्या गजांत माणूस गुदमरतो, हे मान्य. पण आपल्या समाजातले फार लोक आज त्या पिंजऱ्याच्या उंबऱ्यावर उभे आहेत. आतले सगळे नियम त्यांना लागू: आधार, बायोमेट्रिक हजेरी, गणवेश, कारणे दाखवा नोटीस. आतलं एकही संरक्षण त्यांना लागू नाही: श्रेणी नाही, रजा नाही, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही. कोतवाल एकटा नाही. कार्यालयातला सफाई कामगार बघा, डेटा एन्ट्रीला बसलेली मुलगी बघा, दवाखान्यातला वॉर्डबॉय बघा. हजेरी साहेब घेतो, पगार ठेकेदार देतो. कुणाचा नोकर, असं विचारलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

यामागे हिशेब आहे, आणि तो 1874 च्या हिशेबासारखाच आहे. कायम पद भरायचं तर बिंदुनामावली लागते. कितवी जागा कुठल्या प्रवर्गाची ते नोंदवहीत लिहावं लागतं, ती वहीही तपासली जाते. ठेक्यानं माणूस घेतला की पदच नाही, पद नाही म्हणून बिंदू नाही, बिंदू नाही म्हणून आरक्षण नाही. कुणी आरक्षणाला विरोध केला नाही, कुणी जात विचारली नाही. सगळं नियमात. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं नऊ संस्थांमार्फत बाह्यस्रोतानं मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला, तेव्हा राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घेण्याची घोषणा करावी लागली. तो कागद गेला. ठेक्याची पद्धत त्या कागदाच्या आधीही होती आणि नंतरही आहे.

इथं कोणी म्हणेल, मग कायम नोकरी मिळाली की प्रश्न सुटला का? नाही. 1917 साली बाबासाहेब बडोद्याच्या कचेरीत रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे हुद्दा होता, परदेशातल्या पदव्या होत्या, महाराजांचा करार होता. शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत होते, कचेरीत पिण्याचं पाणी मिळत नव्हतं. हुद्द्यानं शिपाई खालचा, जातीनं वरचा, आणि फेकलेली फाईल नियमानुसार पोचलेलीच धरली जात होती. पुन्हा तीच फट, कागद आणि शेवटचा हात यांच्यातली. आजच्या कार्यालयात फाईल कोणी फेकत नाही, आता ती संगणकावर येते. आता गोपनीय अहवालात एक शेरा कमी पडतो, मुलाखतीत 'योग्य उमेदवार आढळला नाही' असं लिहिलं जातं, जातवैधतेचं प्रकरण एका त्रुटीसाठी वर्षभर पडून राहतं. प्रत्येक ठिकाणी कागद नियमात आहे. कुठल्या नियमानं हाताला सवड दिली, ते शोधावं लागतं.

ते शोधायचं कसं, याची एक साधी वाट मी गेल्या वर्षी उंब्रजच्या पोरांना सांगितली. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयानं आपल्या अधिकाऱ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे अधिकार, कर्तव्यं आणि मासिक मोबदला स्वतःहून जाहीर करायचा असतो. कोणी अर्ज करण्याची वाट बघायची नसते. आम्ही कोतवालदादांच्या कामाची यादी आणि कामाची वेळ मागितली. एकाच अर्जात तीन ओळी: कर्तव्यसूचीची प्रत, कामाच्या तासांबाबतचा आदेश, कार्यालयीन वेळेबाहेर बोलावल्याची नोंद ठेवली जात असल्यास तिची प्रत.

कर्तव्यसूची आली. तासांच्या आदेशापुढे 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. नोंदवहीपुढेही तेच. दादांनी तो कागद दोनदा वाचून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, की तास लिहिलेलेच नसतील तर रात्रीच्या फोनला नाही म्हणायला कुठला नियम आड येतो? पहिल्या अपिलात आम्ही तोच प्रश्न लेखी विचारला आहे. गॅसची टाकी कर्तव्यसूचीत सापडली नाही, तेही त्यात लिहिलं आहे.